तांदळाच्या केकची जाळी

डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद दोनदा वाचला आणि मग उस्तादांकडे न बघता वहिनीकडे बघितलं.

"रक्तातला आकडा खाली यायला हवा होता," त्या म्हणाल्या. "आलेला नाही. कुठून तरी गहू पोटात जातोय यांच्या."

  शेजारच्या खुर्चीत तिचे सासरे, ज्यांना अख्खा भाग उस्ताद म्हणायचा, जसा तिला वहिनी म्हणायचा, छताकडे बघत बसले होते. अंगात सदरा होता, पण सदऱ्यात माणूस आहे की हँगर, अशी शंका यावी इतके ते वाळले होते.

"मी घरात गव्हाचा कणसुद्धा ठेवलेला नाही," वहिनी म्हणाली.

"घराखाली बेकरी आहे ना तुमची?"

"बाबा खाली उतरत नाहीत आता. तुम्हीच बंद केलंत."

"हातावरून येत असेल, कपड्यांवरून येत असेल. चाळणी, झारा, पुसायचं फडकं, सगळं बघा. थोडासुद्धा पुरतो. आतड्याचं अस्तर भरून यायला लागतं आणि पुन्हा सोलून निघतं, असं चाललंय यांचं." त्यांचा सूर रागाचा नव्हता. तरी वहिनीला वाटलं, आपल्याला भर वर्गात उभं केलंय.

उस्तादांनी घसा खाकरला. "झालं का? निघायचं?"

उस्तादांची गोष्ट भागातल्या सगळ्यांना तोंडपाठ होती. उभं आयुष्य त्यांनी भट्टीपुढे काढलं. पाव, टोस्ट, खारी, आणि या सगळ्यांवर त्यांचा साधा केक. वर क्रीम नाही, फुलं नाहीत, नुसता पिवळा केक. पण त्याची जाळी बघायला दुसरे बेकरीवाले यायचे. बोटाने दाबला की खाली जायचा आणि बोट काढलं की हळूच वर यायचा. रोज दुपारच्या चहाबरोबर उस्ताद त्याचा एक तुकडा खायचे, स्वतःच्याच मालाची परीक्षा म्हणून. आणि वर्षानुवर्षं त्यांचं पोट बिघडलेलं असायचं. कोणी म्हणायचं चहा जास्त होतो, कोणी म्हणायचं स्वभाव तापट आहे. मग एक दिवस न्हाणीघरात साधा पाय घसरला आणि मनगट काडीसारखं मोडलं. हाडं इतकी ठिसूळ कशी, म्हणून तपासण्या झाल्या, पोटात कॅमेरा घालून झाला, आणि निदान निघालं गव्हाच्या वावड्याचं. गहू, मैदा, रवा, सगळं कायमचं बंद. बेकरीत हवेतही मैदा असतो, म्हणून बेकरीही बंद.

त्या दिवसापासून उस्ताद वरच्या खोलीत खिडकीशी बसायला लागले आणि बेकरी वहिनी आणि तिचा नवरा बघायला लागले. बघायला म्हणजे, नवरा गाडी घेऊन दुकानांना माल पोचवायचा आणि बाकी सगळं वहिनी बघायची. पहाटेची कणीक, भट्टी, काउंटर, वरचा स्वयंपाक, आणि उस्ताद.

भात, भाज्या, अंडी, दूध हे सगळं उस्ताद मुकाट्याने खायचे. अडत होतं ते एकाच ठिकाणी. दुपारी चहा आला की त्यांचा हात आपसूक बशीकडे जायचा आणि बशी रिकामी असायची. मग चहासुद्धा तसाच निवायचा. वहिनीला ते बघवेना. म्हणून तिने तांदळाच्या पिठाचा केक करून बघितला.

पहिला केक तिने नेहमीच्याच हिशेबाने केला, फक्त मैद्याच्या जागी तांदळाचं पीठ. फुगला, मग मधोमध बसला. सुरी लावली तर तुकडा पडायच्या ऐवजी भुगा पडला. मैद्याला पाणी लागलं की त्यात चिकट धागे तयार होतात, ते बुडबुड्यांना धरून ठेवतात. तांदळात ते धागेच नाहीत. हे तिला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि ताटलीत बघणं वेगळं. उस्तादांनी भुगा चमच्याने खाल्ला. "रेती छान चाळली आहेस," म्हणाले.

मग तिने झँथन आणलं. पांढरी बारीक पूड, जी पाण्यात पडली की बुळबुळीत होते आणि धाग्यांचं काम थोडंफार करते. एका वाटी पिठाला पाव चमचा पुरतो असं पाकिटावर लिहिलं होतं. वहिनीने मनात धास्ती धरून चमचाभर टाकलं. केक एकसंध झाला, इतका एकसंध की दाताला चिकटायला लागला. उस्तादांनी तुकडा टेबलावर टाकून बघितला. "भिंतीवर आपट. परत येतो का बघू."

नाचणी घातली तेव्हा रंग मातीचा आला आणि चवही बरीचशी मातीची. बाजरीचं पीठ डब्यात जुनं होत आलं होतं, ते कडवट लागलं. ज्वारीचं बरं निघालं. गोडसर, मऊ, तांदळाच्या कोरडेपणाला ज्वारीने जरा ओल दिली. इसबगोल भिजवून घातलं तेव्हा जाळी थोडी दिसली, पण जरा जास्त झालं की आत गिच्चं राहायचं. असं करत करत ती दोन भाग तांदूळ, एक भाग ज्वारी, थोडं कॉर्नफ्लोर आणि मोजून झँथन इथपर्यंत आली. तो केक त्या दिवशी खाता यायचा. दुसऱ्या दिवशी मात्र कोरडा ठणठणीत व्हायचा आणि बोटात चोळला की बारीक रव्यासारखा विस्कटायचा.

"ठीक आहे," उस्ताद आताशा म्हणायचे. टोमणे मारायचंही त्यांनी सोडून दिलं होतं. बशी खाली यायची तेव्हा अर्धा तुकडा तसाच असायचा.

डॉक्टरीणबाईंकडून परत आल्यावर वहिनीने घर पालथं घातलं. जुन्या चाळण्या फेकल्या, कारण जाळीत मैदा अडकून राहतो. लाकडी पोळपाट, लाटणं, डाव, सगळं खाली बेकरीत पाठवून दिलं, कारण लाकूड पीठ पितं. डबे गरम पाण्यात घातले. वरच्या ओव्हनच्या दाराचा कोपरान् कोपरा टूथब्रशने घासला. खालून वर येताना जिन्याच्या तोंडाशीच ती ॲप्रन काढायची, हात कोपरापर्यंत धुवायची, कधीकधी सरळ अंघोळच करायची. दिवसातून इतक्यांदा अंग ओलं करून तिला कायमची सर्दी झाली. भट्टीसमोर घाम आणि वर आलं की थंड पाणी.

तिच्या नणंदेचा फोन यायचा. नणंद दुसऱ्या शहरात, वडिलांवर जीव, आणि लांब असल्यामुळे काळजी दुप्पट.

"वहिनी, तुम्ही करताय सगळं, मला माहितीये. पण नीट होतंय ना? म्हणजे, आकडा उतरत का नाही?"

"बघतेय हो वन्सं."

"काहीतरी राहतंय कुठेतरी. बाबांचं वजन ऐकून झोप लागत नाही मला."

"हो."

फोनच्या वेळी नवरा शेजारीच बसलेला असायचा, जेवत किंवा वर्तमानपत्र चाळत. एकदाही त्याने मान वर केली नाही. वहिनीला वाटायचं, बिचारा दमला असेल.

बेकरीच्या सुट्टीच्या दिवशी कपडे धुवायचे. उस्तादांचा सदरा तिने सवयीने उलटा केला, खिसा चाचपला. उस्तादांच्या खिशात काहीबाही असायचं. गोळीचं रिकामं पाकीट, पेन्सिलीचा तुकडा. या वेळी बोटांना चुरा लागला. खिशाच्या तळाशी, शिवणीत साठलेला, पिवळसर.

माझाच केक, तिच्या मनात आलं. नको झाला की खिशात टाकतात वाटतं. तिला वाईट वाटलं आणि तिने तो चुरा झटकायला हात पुढे नेला. पण बोटं आयुष्यभर केकमध्ये गेलेली. अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकांवर घासली गेली.

चुरा विस्कटला नाही. त्याची गोळी झाली. मऊ, लिबलिबीत, बोटाच्या पेराएवढी. दाबली तर चपटी झाली आणि कडांना न चिरता जराशी लांबली.

वहिनी बादलीपाशी तशीच बसून राहिली. मग तिने सदऱ्यातला आणखी एक कण जिभेवर ठेवला. तांदूळ कितीही बारीक दळा, जिभेला कुठेतरी रवाळ लागतोच. तिचा प्रत्येक केक लागला होता. हा कण विरघळून गेला. लोण्यासारखा, खालच्या भट्टीच्या केकसारखा. तिने आदल्या पहाटे स्वतःच्या हाताने केलेल्या केकसारखा.

नळ तसाच चालू होता. बादली भरून वाहायला लागली, सदरा भिजला, तेव्हा तिने तो बंद केला.

नवरा मागच्या अंगणात गाडी धूत होता. वहिनी ओला सदरा हातात घेऊनच खाली उतरली. तळहातावर ती गोळी होती.

"हे काय आहे?"

"काय?" त्याने पाइप बाजूला धरला.

"बाबांच्या खिशात होतं."

त्याने गोळीकडे बघितलं आणि लगेच गाडीच्या चाकाकडे. "तुझ्या केकचा चुरा असेल."

"दाबून बघा."

"आता काय दाबून बघायचंय त्यात?"

"बेकरीवाल्याचा मुलगा आहात ना? दाबा."

त्याने दाबलं नाही. पाइपातून पाणी त्याच्या चपलांवर पडत होतं. मग त्याने जाऊन नळ बंद केला आणि तिकडेच तोंड करून म्हणाला, "कडा देतो फक्त. केक चौकोनी कापताना निघतात त्या. एवढ्याशा."

"रोज?"

"रोज नाही."

वहिनीने तळहात त्याच्यापुढे तसाच धरून ठेवला.

"बहुतेक रोज," तो म्हणाला.

वहिनी पायरीवर बसली. तिला वाटलं होतं आपण ओरडू. पण ओरडायला जी ताकद लागते ती कुठे गेली होती कोण जाणे. चाळण्या घासताना संपली असेल, जिन्याखाली हात धुताना संपली असेल.

"मी टूथब्रशने ओव्हन घासला," ती म्हणाली. "तुम्ही बघत होतात. वन्संचा फोन आला की मी मुकाट ऐकून घ्यायचे, आणि तुम्ही शेजारी बसून जेवत होतात."

"माहितीये."

"मला वाटायचं माझ्याच हातात काहीतरी आहे. मी नखं मुळापासून कापली. बघा."

त्याने बघितलं नाही. "तू कधी त्यांचा चेहरा बघितलास का, तुझा केक खाताना? पहिला घास घेतला की ते खिडकीबाहेर बघतात. मी कड दिली की... अगं, लहान मूल होतात ते. पहिल्यांदा त्यांनीच मागितली. मी नाही कसं म्हणू? मला नाही जमत त्यांना नाही म्हणायला. लहानपणापासून नाही जमलं."

"मग मला सांगायचं होतंत. मी म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

वहिनीने गोळी पायरीवर ठेवली. ती उठली, सदरा पिळला, पाणी त्याच्या स्वच्छ धुतलेल्या गाडीपाशी सांडलं, आणि ती वर गेली.

उस्ताद खिडकीशी होते. तिच्या हातातला सदरा बघून त्यांनी ओळखलं. बेकरीवाल्याला चुऱ्याबद्दल सांगावं लागत नाही.

"त्याला बोलू नकोस," ते म्हणाले. "मीच मागितला."

"डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुम्ही ऐकलंत ना बाबा?"

"ऐकलं. आतडं सोलतं. कानांनी ठीक आहे माझ्या." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "सूनबाई, मी खाली जायचं नाही, पिठाला हात लावायचा नाही, भट्टीचा वास जिन्यातून येतो तेवढा घ्यायचा. ठीक आहे. पण दुपारी एक तुकडा खाल्ला की कळतं, आज माल कसा झालाय. तेवढंच मला कळायचं उरलंय. तुझ्या त्या केकवरून मला काही कळत नाही. त्याची जाळी मला वाचताच येत नाही."

वहिनी पलंगाच्या कडेवर बसली.  रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. तिच्या मनात आलं, आपण इतके दिवस या माणसाला केक खायला घालत होतो. त्याला केक करायला कुणी सांगितलंच नाही. आपण तरी कुठे सांगितलं?

"वाचता येत नाही तर शिका," ती म्हणाली. आवाज कडक आला, तिला हवा होता त्यापेक्षा. "मी दमले आता. खरंच दमले. वरच्या ओट्यावर सगळं सामान आहे, त्यात मैद्याचा कण नाही, मी स्वतः घासलंय. उद्यापासून तुमचा केक तुम्हीच करा. जमला तर खा, नाही जमला तर राहू द्या. खालून कड आली, तर मी डॉक्टरांना सांगेन, वन्संना सांगेन, आणि माहेरी निघून जाईन. भट्टी बघा मग दोघं बापलेक."

उस्तादांनी तिच्याकडे बघितलं. या घरात त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं, वहिनीच्या गेलेल्या सासूबाई सोडून.

"वजनकाटा कुठाय?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काउंटर जरा शांत झाल्यावर वहिनी वर आली, हातपाय धुऊन, कपडे बदलून. उस्ताद ओट्याशी उभे होते. मोडलेलं मनगट जुळलं होतं पण वाकडं, त्यामुळे ते डाव्या हाताने फेटत होते. लोणी-साखर पांढरी शुभ्र झाली होती, अंडी एकेक करून गेली होती. तिथपर्यंत सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. मग पीठ घातलं आणि त्यांचा हात एकदम हलका झाला. पीठ पडलं की फेटायचं नाही, नुसतं खालून वर उचलायचं, नाहीतर केक चिवट होतो. हे त्यांनीच भट्टीवरच्या प्रत्येक माणसाला शिकवलं होतं, वहिनीलाही.

"फेटा," वहिनी म्हणाली.

"पीठ पडलंय."

"तांदूळ आहे तो. चिवट व्हायला त्याच्यात आहे काय? उलट फेटल्याशिवाय झँथन धरत नाही."

उस्तादांनी हात थांबवला. चमचा उचलून धार बघितली, पुन्हा घातला, आणि फेटायला लागले. पण अंग चोरून, चोरी करावी तसं. नंतर मिश्रण लगेच टिनमध्ये ओतायला निघाले. वहिनी म्हणाली, अर्धा तास राहू द्या, तांदळाचा दाणा पाणी प्यायला वेळ घेतो, म्हणून तर दाताखाली येतो. उस्ताद म्हणाले, बेकिंग पावडर मरेल. वहिनी म्हणाली, ती शेवटी घाला. उस्ताद म्हणाले, आधी सांगायचंस. ती म्हणाली, आधी विचारायचंत. आणि एवढं झाल्यावर तिला खुर्चीतच डुलकी लागली.

जाग आली ती आवाजाने. केक ओव्हनमधून निघाला होता. रंग आला होता, वास आला होता, आणि उस्तादांनी सवयीने, गरम असतानाच, टिन उलटा करून ठोकला होता. मैद्याचा केक असता तर सुखरूप उतरला असता. हा ताटात तीन तुकड्यांत पडला आणि तुकड्यांचेही तुकडे होत गेले.

उस्ताद ताटाकडे बघत उभे राहिले. हातात रिकामा टिन. चेहऱ्यावर राग नव्हता; कामावर पहिल्याच दिवशी काहीतरी सांडलेल्या माणसासारखे ते दिसत होते.

"गार होईपर्यंत टिनमध्येच ठेवावा लागतो," वहिनी हळू म्हणाली. "थंड झाल्यावरच घट्ट होतो तो. माझेही असेच पडले."

"किती?"

"मोजले नाहीत."

उस्तादांनी एक तुकडा उचलला. खाल्ला नाही. उजेडाकडे धरून मधोमध मोडला. वहिनी बघत राहिली. इतके दिवस त्यांनी तिच्या केककडे असं बघितलंच नव्हतं. नुसता खाल्ला होता, नाहीतर ठेवून दिला होता.

"ओढला की ताणत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "सरळ तुटतो. भोकं बारीक आहेत, सगळी एकसारखी. भिंती जाड. जाळी ओली दिसते पण धरत नाही." बोटाने दाबून बघितलं. खड्डा पडला तो पडलाच. "वर येत नाही हा. याच्याकडून वर यायची अपेक्षाच करायची नाही."

"नाही येत."

"आणि उद्या रेती होतो."

"होतो."

त्यांनी तुकडा तोंडात टाकला, चावला, जीभ टाळूला लावून रवाळपणा चाचपला. मग आणखी एक तुकडा मोडला. वहिनीला खाली जायचं होतं, संध्याकाळच्या पावाची वेळ झाली होती, पण ती बघत बसून राहिली.

"क्रीमच्या बिस्किटांसाठी मी पूर्वी लापशी शिजवायचो, आठवतं?" उस्ताद म्हणाले. "दुधात थोडं पीठ घालून. घट्ट झालं की त्यात पाणी अडकून राहायचं, दुसऱ्या दिवशीही सुटायचं नाही. याच्यातलं थोडं तांदळाचं पीठ आधी दुधात शिजवून घेतलं तर? कच्चं पीठ पाणी प्यायला वेळ घेतंय ना? मग त्यातल्या थोड्याला आधीच पाजू. चिकटपणाही येईल. तुझी ती पांढरी पूड निम्मी होईल."

वहिनीने डोळे चोळले. "करून बघा," ती म्हणाली आणि पाव लावायला खाली गेली.

पुढचे कित्येक दिवस वरून फेटण्याचा आवाज यायचा. सगळे केक जमले असं नाही. एक लापशी फार झाल्याने तळाशी खळीसारखा राहिला. एकात उस्ताद झँथन घालायलाच विसरले आणि तो पुन्हा भुगा झाला, तेव्हा त्यांनी कुणाला न सांगता तो दुधात कालवून खाऊन टाकला. मोठा टिन त्यांनी बाजूला ठेवला आणि छोट्या वाट्यांमध्ये करायला लागले, कारण लहान केकला स्वतःचं वजन पेलतं, मधोमध बसत नाही. खिडकीशी बसणं कमी झालं. वहिनी वर आली की विचारायचे, "ज्वारी आज दुसऱ्या गिरणीची आहे का? जाड वाटतेय." गिरणीतही ज्वारी गव्हाच्या आधी, पुसलेल्या जात्यावर दळून घ्यावी लागायची; ते काम नवऱ्याकडे आलं. तो तिथे उभा राहून जातं पुसून घ्यायचा आणि गिरणीवाला त्याला हसायचा.

नवऱ्याने बहिणीला फोनही केला. वहिनी ओट्याशी होती, तिला ऐकू येत होतं. "वहिनीची चूक नव्हती. मी देत होतो... हो, मी... हो. ओरड." मग पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला आणि तो नुसता हं, हं करत राहिला. फोन ठेवून तो वहिनीपाशी आला, उभा राहिला. तिने त्याच्या हातात घासायचे टिन दिले. त्याने ते घासले. त्या दिवसापासून वरचं घासणं त्याच्याकडे लागलं. पण वहिनीच्या मनातलं जे घट्ट झालं होतं ते लगेच सैल झालं नाही. तो काही सांगायला लागला की ती ऐकायची, आणि ऐकता ऐकता तिला त्या वर्तमानपत्राचा आवाज आठवायचा, पान उलटल्याचा.

पुढच्या तपासणीत आकडा उतरला. पूर्ण नाही, पण उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात अस्तर भरून यायला फार वेळ लागतो, कधीकधी पूर्ण येतही नाही. उस्तादांनी मान डोलावली आणि दवाखान्यातल्या नर्सला सांगितलं, तांदळाचा केक करणार असाल तर गरम असताना टिनमधून काढू नका.

त्यांचा केक अखेर जमला तो एका अगदी साध्या दुपारी. वहिनी खालून वर आली ती जड डोकं आणि अंगात कणकण घेऊनच. उस्तादांनी तिच्यासमोर बशी ठेवली. छोटा केक, वरून जरा चिरलेला, रंगाने मैद्याच्या केकपेक्षा तपकिरी. तिने मोडला. सरळ तुटला, पण भुगा पडला नाही. आतली जाळी बारीक, दाट, ओलसर. तिने खाल्ला. ज्वारीचा किंचित गोडवा, तळाशी कुठेतरी तांदूळ, जिभेला अजूनही जाणवेल न जाणवेल असा.

"कालचा आहे," उस्ताद म्हणाले.

वहिनीने बशीकडे पुन्हा बघितलं. "कालचा?"

"कालचा. रेती झाली का?"

"नाही."

"मग सांग काय ते. खोटं बोलू नकोस, सूनबाई."

तिने आणखी एक घास घेतला. खालच्या केकसारखा तो नव्हता, कधीच होणार नव्हता. तो स्पंजासारखा वर यायचा, हा जिथे दाबला तिथे राहायचा. तो तोंडात विरघळायचा, हा तोंडात मोडायचा. "खालचा चांगला आहे," ती म्हणाली. "हाही चांगला आहे."

 उस्तादांनी आपल्या बशीतला तुकडा चहात बुडवला. बुडवल्यावर तो लगेच गळून पडला आणि चहात गेला. "हे एक राहिलंय अजून," म्हणत ते चमचा शोधायला लागले.

वहिनीला हसायचं होतं, पण जांभई आली. खाली काउंटरवर कुणीतरी हाक मारली. नवऱ्याने जिन्यातून वाकून बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "मी बघतो, तू पड जरा."

ती उठली नाही, पडलीही नाही. खुर्चीतच डोकं भिंतीला टेकवून तिने डोळे मिटले. शेजारी उस्ताद चहात चमचा फिरवत केकचे कण गोळा करत होते. जिन्यातून भट्टीचा गरम वास वर येत होता, आणि वासाबरोबर हवेतला मैदा येऊ नये म्हणून दार लावायला हवं होतं, हे तिला आठवत होतं. पण ती तशीच बसून राहिली.